साडेतीन वर्षांच्या मुलाला पंपाचे किती पफ, आणि पुन्हा कधी?

माहीमची_आई
मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सर्दी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत शिट्टी वाजायला लागते. पावसाळ्यात घराच्या भिंती ओल धरतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर जास्तच. डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचा पंप आणि मास्कवाला स्पेसर दिला आहे. कागदावर फक्त एवढंच आहे: "दोन पफ, एसओएस". एसओएस म्हणजे लागेल तेव्हा, हे कळलं. पण लागेल तेव्हा म्हणजे किती वेळा, ते कुठेच नाही.

गेल्या आठवड्यातली रात्र सांगते. आता तो बरा आहे, घाई नाही, पण पुढच्या वेळेसाठी विचारून ठेवायचं आहे. रात्री साडेनऊला घरघर सुरू झाली, दोन पफ दिले. वीस मिनिटांनी आवाज कमी झाला, पण बरगड्यांच्या खाली पोट अजून आत ओढलं जात होतं, म्हणून आणखी दोन दिले. सव्वादहाला शांत झोपला. सव्वाएकला खोकत उठला, परत शिट्टी, परत दोन. पाचला पुन्हा तेच. सकाळी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी औषधं दिली. पण रात्रभर मी आणि सासूबाई भांडत होतो. त्या म्हणत होत्या, एवढ्या लहान जिवाला किती मारशील. मी म्हणत होते, श्वास घेता येत नाहीये तर काय करू.

एका वेळी किती, परत कधी, आणि कोणत्या टप्प्यावर घर सोडून निघायचं, एवढंच सांगा.

गिरगावचा_काका
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. मुलांची औषधं वजनावर असतात. चौदा-पंधरा किलोच्या मुलाला मोठ्या माणसाचे दोन पफ म्हणजे डोस जास्तच. दिले तरी चार तासांच्या आत परत नाही, हृदय धडधडतं, हात थरथरतात. आमच्याकडे नातवासाठी मशीन आहे, नेब्युलायझर. औषध थेट फुप्फुसात जातं. पंपापेक्षा मशीन केव्हाही भारी, हॉस्पिटलमध्येही तेच लावतात. एक मशीन घेऊन टाका.

परळ_सिस्टर
काका, धडधड आणि थरथर होते, ते खरं आहे. बाकी थोडं वेगळं आहे. मी मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

वजनाचा हिशोब साल्ब्युटामॉलच्या सिरपला लागतो. पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, पण त्यातलं फार थोडं फुप्फुसापर्यंत पोचतं. बाकीचं स्पेसरच्या भिंतीला, मास्कला, तोंडात, घशात राहतं. लहान मूल श्वास छोटा घेतं, म्हणून त्याच्यापर्यंत मोठ्या माणसापेक्षा आणखी कमी जातं. डोस तिथेच आपोआप लहान होतो. म्हणून पफ किलोवर मोजत नाहीत. वय आणि त्या क्षणी धाप किती, यावर मोजतात.

साधारण घरासाठी असं धरतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला एका वेळी 2 पफ. वीस मिनिटं थांबून बघायचं. फरक पुरेसा नसेल तर आणखी 2, परत वीस मिनिटं, तरी नसेल तर आणखी 2. म्हणजे पहिल्या तासात जास्तीत जास्त 6. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला बहुतेक डॉक्टर एका वेळी 4 लिहून देतात, वीस मिनिटांची पद्धत तीच. कॅज्युअल्टीत आम्ही याहून पुष्कळ जास्त देतो. लहानांना एका वेळी सहापर्यंत, मोठ्या मुलांना दहापर्यंत, दर वीस मिनिटांनी पहिला तासभर. पण तिथे ऑक्सिजन असतो आणि मॉनिटर लावलेला असतो. घरी तो आकडा आपल्या मनाने उचलायचा नाही. मात्र सहा पफने हृदय बंद पडेल, ही भीती मनातून काढा.

एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर यातलं काहीच लावू नका. त्या वयात घरघरीचं कारण बऱ्याचदा वेगळं असतं, छोट्या श्वासनलिकांना व्हायरसने सूज आलेली असते, आणि पंपाचा फारसा उपयोग होत नाही. त्यांना दाखवायचंच.

मशीनबद्दल: हलक्या आणि मध्यम धापेत स्पेसर मशीनपेक्षा कमी पडत नाही. उलट मुलं लवकर सावरतात, छाती कमी धडधडते, आणि वीज गेली तरी काम अडत नाही. मशीनची खरी गरज जिथे ऑक्सिजनवरच औषध द्यावं लागतं तिथे असते.

माहीमची_आई
सिस्टर, मग माझ्या त्या रात्रीचा हिशोब लावून सांगाल का? आकडे कळले, पण त्या रात्री कुठे रेषा ओलांडली गेली, ते कळत नाही.

परळ_सिस्टर
लावते.

साडेनऊला 2, नऊ पन्नासला 2. पहिल्या तासातल्या सहापैकी चार. दहा-सव्वादहाला पोट आत ओढणं थांबलं, झोपला. इथपर्यंत सगळं बरोबर. दहा वाजून दहा मिनिटांनीही ओढ तशीच असती तर तिसरे 2 द्यायचे आणि तिथेच चपला घालायच्या. परिणाम बघायला आणखी वीस मिनिटं घरात बसायचं नाही. तो बघायचा टॅक्सीत.

सव्वाएकला परत 2. आधीच्या पफला साधारण साडेतीन तास झाले होते. द्यायला हरकत नव्हती, पण इथून चित्र बदललं. पंपाचा आराम निदान चार तास टिकायला हवा. पाचला परत लागला म्हणजे तो टिकत नव्हता. म्हणजे साडेसात तासांत आठ पफ. पहिल्या दोन तासांत सहाच्या वर गेले नाहीत, मूल मध्ये झोपत होतं, म्हणून मध्यरात्री पळण्याची वेळ आली नव्हती. पण सकाळी दाखवणं टाळता येण्यासारखं नव्हतं, आणि तुम्ही नेलंत ते योग्यच झालं. अशा वेळी श्वासनलिका आवळलेल्या असतात आणि आतून सुजलेल्याही असतात. पंप आवळ सोडवतो, सूज उतरवत नाही. सूज आहे तोवर आराम दर वेळी आखूड होत जातो.

म्हणून मी आयांना सांगते, पफ मोजा, पण त्याहून दोन पफमधलं अंतर लिहून ठेवा. चार तास, मग तीन, मग दोन असं घसरत असेल तर मूल खेळताना दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त लागले तर लगेच. आणि चोवीस तासांत पूर्ण मोकळं झालं नाही तरी दाखवायचं.

कांदिवली_गृहिणी
माझ्या मुलीला पण पंप आहे. आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ देतो, लागो न लागो. दिल्यावर चूळ भरायला लावतो, नाहीतर तोंडात पांढरं येतं. तुम्ही एसओएस का देता? डॉक्टरांनी रोज द्यायला सांगितलं असेल, नीट विचारा. मध्येच बंद केलं की दमा वाढतो.

परळ_सिस्टर
ताई, तुमचा पंप वेगळा आहे. रोजचा, चूळ भरायला लावणारा, तो स्टेरॉइडचा. तो सूज येऊ नये म्हणून असतो आणि तो मनाने बंद करायचा नाही, हे तुमचं अगदी बरोबर. ह्यांचा साल्ब्युटामॉल आहे, आवळ सोडवणारा. तो रोज ठरवून दिला तर उपयोग नाही आणि रोग झाकला जातो. ज्या घरात दोन्ही पंप आहेत तिथे प्लास्टिकच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. डब्यावरचं नाव वाचा. धाप लागलेली असताना स्टेरॉइडचाच पंप दिला जातोय आणि "फरक पडत नाही" म्हणून लोक येतात, हे मी अनेकदा पाहिलंय. लेवोसाल्ब्युटामॉलचा पंप असेल तर पफमागे 50 मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. आकडा निम्मा दिसला म्हणून पफ दुप्पट करू नका, ते औषध निम्म्यातच तेवढं काम करतं.

गिरगावचा_काका
माझं मशीनचं मत कायम आहे, पण असो. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. एवढं मूल मास्क लावून किती वेळ थांबणार? दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये मारायचे आणि एकाच वेळी देऊन मोकळं व्हायचं.

परळ_सिस्टर
नका हो काका. दोन पफ एकदम मारले की थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि भिंतीवर बसतात. आकड्याला दोन, पोचतात त्यापेक्षा कितीतरी कमी.

एक पफ, मग त्यावर पाच-सहा साधे श्वास. मोठा श्वास घे, रोखून धर, असलं काही तीन वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही. मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट, गालाशी फट नको. श्वास मोजायचे ते स्पेसरचा व्हॉल्व्ह हलताना बघून. तो हलत नसेल तर एकतर मास्कला फट आहे किंवा मूल श्वास रोखून बसलंय. मग अर्धा-एक मिनिट थांबा, पंप परत हलवा, दुसरा पफ. पंप दर वेळी हलवायचा, नुसता पहिल्यांदा नाही. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन-तीन पफ हवेत सोडून द्या, नाहीतर पहिला पफ रिकामाच जातो.

माहीमची_आई
तो मास्क बघूनच रडतो. कोणीतरी सांगितलं, रडताना तोंड उघडं असतं म्हणून औषध जास्त आत जातं. खरं आहे का?

वाडा_ते_वॉर्ड
मी बालरोग विभागात रेसिडेंट आहे, त्याचं उत्तर देतो. उलट आहे. रडताना मूल लांब श्वास सोडतं आणि मध्ये झटक्यात छोटा श्वास घेतं. औषध घशावर आदळून पोटात जातं, फुप्फुसात जवळपास काही नाही. झोपलेल्या मुलाला हळूच देण्याची युक्तीही हमखास नसते, अर्धी मुलं मास्क लागला की दचकून उठतात. उपयोगी पडतं ते बरं असताना खेळवणं. पंप न लावता नुसता स्पेसर द्या, बाहुलीला लावू दे, बाबांना लावू दे. मांडीवर पाठ तुमच्या छातीला टेकवून बसवा, एका हाताने कपाळ हलकं धरा. तरीही रडलाच तर पफ मोजून "दिला" असं धरू नका. शांत झाल्यावर परत द्या. आधीचा बहुतेक वाया गेलेला असतो.

सिस्टरांच्या एका मुद्द्यावर माझं थोडं वेगळं मत आहे. घरी सुरुवात दोननेच का? लहानांनाही चारने सुरुवात करायला सांगणारे डॉक्टर आहेत, आणि ऑस्ट्रेलियात प्रथमोपचार म्हणून चार पफ, प्रत्येकी चार श्वास, चार मिनिटं थांबून परत चार, असं शाळांमध्येही शिकवतात. इंग्लंडात तर जोराच्या झटक्यात एकेक करून दहापर्यंत देतात. आपल्याकडे दोन देऊन लोक वाट बघत बसतात आणि मूल थकतं.

परळ_सिस्टर
डॉक्टर, त्या चारच्या पद्धतीत फरक पडला नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची असते, ती काही मिनिटांत येईल हे धरलेलं असतं. माझ्यासमोर ज्या आया येतात त्यांचा मास्क नीट बसतो की नाही हेच पक्कं नसतं. चार चुकीचे पफ देण्यापेक्षा दोन नीट दिलेले मला चालतात. घर शिकलेलं असेल तर चारला माझा विरोध नाही, पण ते त्या मुलाच्या कागदावर लिहिलेलं हवं.

वाडा_ते_वॉर्ड
हे मान्य, कागदावर हवंच. पण ज्याला आधी कधी ॲडमिट करावं लागलंय त्या मुलासाठी मी चारच लिहीन.

ठाणे_बाबा
आमचा नऊ वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. मैदानावर जाण्याआधी पंधरा मिनिटं दोन पफ, असं सांगितलंय. मास्क काढून टाकला, तोंडात धरायची नळी वापरतो. ह्या तासाभरात सहा वगैरे हिशोबात ते दोन धरायचे का? आणि दहा वर्षांच्या आत स्पेसर लागतोच का, वर्गात बाकीची मुलं हसतात.

वाडा_ते_वॉर्ड
खेळाआधीचे दोन वेगळे, ते धाप लागल्यावरचे नाहीत. पण खेळताना धाप लागून परत घ्यावे लागत असतील, किंवा खेळाव्यतिरिक्त आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असतील, तर रोजच्या पंपाबद्दल विचारा.
स्पेसर कोणत्याही वयात बरा. झटका आलेला असताना तर मोठ्या माणसानेही वापरावा. नळी घट्ट ओठांत धरून एक पफ, सावकाश खोल श्वास, जमेल तर दहापर्यंत मोजून रोखायचा. धापेत रोखणं जमत नसेल तर चार-पाच साधे श्वास. स्पेसर घरी राहिला आणि मूल धापलं तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडून बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात देता येतं. दिसायला कसंही दिसलं तरी चालतं. तीन वर्षांच्या मुलाला मात्र तो ओठ घट्ट धरेल याची खात्री नसते.

माहीमची_आई
निघायचं केव्हा, हे मला पाठ करायचं आहे. आणि ऑक्सिमीटर घरी आहे, करोनात घेतलेला. त्यावर 95 असेल तर थांबायला हरकत नाही ना?

परळ_सिस्टर
त्याच्यावर विसंबू नका. तो मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनलेला असतो. लहान, गार, हलणाऱ्या बोटावर कधी 88 दाखवेल, कधी 99. 92 च्या खाली आकडा स्थिर राहिला तर निघाच. पण 95 आहे म्हणून थांबू नका. पंपामुळे मूल तात्पुरतं ताजंतवानं वाटतं आणि आकडाही बरा दिसतो.

बघायचं मुलाकडे. बोलणारं मूल एका दमात दोन-तीन शब्दांपुढे जात नाही. पाणी प्यायला नको म्हणतं, कारण गिळायला श्वास थांबवावा लागतो. गळ्याच्या खालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत जाते, नाकपुड्या फुलतात. शर्ट काढून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, या वयात शांत असताना 40 च्या वर म्हणजे धाप. ओठ राखाडी-निळसर, किंवा मूल गळून गेलंय, रडायचंही थांबलंय. आणि सगळ्यात फसवं म्हणजे शिट्टीचा आवाज नाहीसा होतो पण मूल ओढतच असतं. घरच्यांना वाटतं उतरलं. त्या वेळी छातीत हवाच इतकी कमी जात असते की वाजायला काही उरत नाही.

यातलं एक जरी दिसलं तरी वीस मिनिटांची वाट नाही. पफ सुरू करा आणि निघा, वाटेत दर वीस मिनिटांनी देत राहा, कागदावर लिहिलेला आकडा. निघाल्यावर "सहा झाले, आता बंद" असं करायचं नसतं. सहाची मर्यादा घरी बसून राहण्यावर आहे. स्पेसर बरोबर घ्या, दाराशी पहिला प्रश्न तोच असतो, किती वाजता किती दिले.

वाडा_ते_वॉर्ड
मुंबईसाठी एक भर. माहीमहून सायन जवळ, परळला वाडिया. पण जोराचा पाऊस असेल आणि हिंदमाताला पाणी भरलं असेल तर परळचा रस्ता तासभर खातो. अशा रात्री ठरलेल्या वेळेआधीच निघा, दुसऱ्या दोन पफनंतर ओढ राहिली तरी. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र असेल तर मी तेच करायला सांगतो. 108 ला फोन करायचा तर करा, पण दारात टॅक्सी उभी असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट न बघता तिनेच निघा.

कांदिवली_गृहिणी
पंप संपला हे कसं कळतं? आम्ही पाण्यात टाकून बघतो, तरंगला तर रिकामा.

परळ_सिस्टर
ती पद्धत सोडा. औषध संपलं तरी फवाऱ्याचा वायू शिल्लक राहतो, त्यामुळे तरंगण्यावरून अंदाज येत नाही आणि तोंडात पाणी गेलं तर पंप बिघडतो. हलवून बघणंही फसवं. 200 पफचा डबा असतो. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर डब्यावर पट्टी चिकटवून उघडल्याची तारीख आणि पफच्या रेघा लिहा. फवारा उडतोय म्हणजे औषध आहे, असं नाही. बरं चाललेलं मूल अचानक पंपाला दाद देत नाही, तेव्हा हा पहिला संशय घ्यायचा.
स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, आतून घासू नका. कापडाने पुसू नका, नुसता निथळत ठेवून वाळवा. पुसला की प्लास्टिक विजेने भारतं आणि औषध भिंतीलाच चिकटतं. नवा स्पेसरही आधी असाच धुऊन घ्या.

माहीमची_आई
आज डॉक्टरांकडे जाऊन कागद लिहून घेतला. त्यांनी लिहिलंय: 2 पफ, वीस मिनिटांनी परत 2, परत 2, तिसऱ्यानंतर ओढ असेल तर थेट हॉस्पिटल, वाटेत दर वीस मिनिटांनी 4. चार तासांच्या आत परत लागला तर त्याच दिवशी फोन. कागदाचा फोटो सासूबाईंच्या फोनवरही टाकला, आता त्यांनाच मास्क धरायला शिकवते आहे.

एक राहिलं. तो दुपारी पाळणाघरात असतो. तिथल्या बाई म्हणतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही पंप हातात घेणार नाही, आणि चिठ्ठी असली तरी तुम्हाला फोन लागल्याशिवाय देणार नाही. लोकलमध्ये फोन लागत नाही. कोणाच्या पाळणाघराने हे कसं केलंय?

ठाणे_बाबा
आम्ही डॉक्टरांच्या सहीचा कागद, एक जादा पंप आणि स्पेसर तिथेच ठेवला होता, पिशवीवर नाव घालून. फोनची अट त्यांनी सोडली नाही, पण माझा, बायकोचा आणि शेजारच्या काकूंचा असे तीन नंबर दिले. कोणीतरी एक लागतोच, असं त्यांना पटलं. पहिले दोन पफ फोन न करता आणि त्यानंतर फोन, असं लिहून घ्या म्हणून मी मागे लागलो होतो, ते मात्र त्यांनी मानलं नाही.

परळ_सिस्टर
तेच लिहून घ्यायचा प्रयत्न करा, ताई. पहिले दोन पफ देण्यात नुकसान होण्यासारखं फारसं काही नाही, न देता फोन लावत बसण्यात आहे. डॉक्टरांनाच सांगा, चिठ्ठीवर "पहिले दोन पफ लगेच, त्यानंतर पालकांना फोन" असं शब्दशः घाला. डॉक्टरांचं अक्षर बघून बाई ऐकतील, अशी आशा आहे.